चॅटच्या पहिल्या स्क्रीनवर काय लिहायचं?

चॅट सेवा उघडली की वर स्वागताचं एक वाक्य असतं आणि खाली टाइप करायची रिकामी चौकट. ज्याने सेवा बनवली त्याला आत काय काय आहे ते पाठ असतं, त्यामुळे ती चौकट त्याला रिकामी वाटतच नाही. नवखा माणूस मात्र तिथेच अडतो. वेबसाइटवर निदान मेनू असतो, कार्यालयात खिडकीवर पाटी असते. चॅटमध्ये सगळं त्या चौकटीमागे दडलेलं. मग तो चाचपडत ‘हॅलो’ लिहितो, उत्तरात ‘मी आपली काय मदत करू शकतो?’ असं येतं, आणि तो जिथे होता तिथेच राहतो. हेच तर त्याला विचारायचं होतं.

समोर दिसलेली गोष्ट ओळखणं सोपं असतं, मनातून आठवून काढणं अवघड. जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या वापरसुलभतेच्या दहा तत्त्वांपैकी हे एक. रिकामी चौकट आठवायला लावते. पहिल्या स्क्रीनवरच्या मजकुराचं काम, ते ओझं उचलून ओळखण्यासारखं काहीतरी समोर ठेवणं. स्वागत, आभार, संस्थेची ओळख हे सगळं त्यानंतर, जागा उरली तर.

हे काम कसं करायचं ते एकाच उदाहरणावर बघू. समजा, एका ग्रंथालयाची चॅट सेवा आहे. पुस्तक उपलब्ध आहे का ते ती सांगते, घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून देते आणि सभासदत्वाचे नियम सांगते. उत्तरं नोंदींवरून आपोआप येतात. गरज पडली तर कामाच्या वेळेत कर्मचारी संभाषणात येतात. आणि सध्या तिच्या पहिल्या स्क्रीनवर हे लिहिलं आहे:

> नमस्कार! ग्रंथालयाच्या डिजिटल सेवेत आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आम्ही आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर आहोत. आपण आम्हाला ग्रंथालयाविषयी काहीही विचारू शकता. कृपया आपला प्रश्न टाइप करा.

चार वाक्यं आहेत, पण नवख्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘काहीही’ हा शब्द. तो वाचून कोणी लिहितं, ‘मुलीच्या प्रकल्पासाठी नद्यांची माहिती द्या.’ ते सेवेला जमत नाही. पहिलाच प्रश्न वाया गेलेला माणूस दुसरा प्रश्न क्वचितच विचारतो, आणि त्याच सेवेने त्याच्या पुस्तकाची मुदत दोन मिनिटांत वाढवून दिली असती हे त्याला कधी कळतच नाही.

आधी प्रश्न गोळा करा, मग लिहायला बसा

मजकूर लिहिण्याआधी दोन-तीन दिवस काउंटरपाशी बसा. फोन घेणाऱ्या माणसाशी बोला. चॅट आधीपासून चालू असेल तर लोकांनी धाडलेले पहिले संदेश काढा, शंभर-दोनशे पुरतात. नावं, फोन नंबर, सभासद क्रमांक आधी खोडून टाका आणि प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत, एकाखाली एक लिहून काढा.

हे ‘जसेच्या तसे’ फार महत्त्वाचं आहे. ग्रंथालयाच्या कागदावर ‘नूतनीकरण’ असतं. काउंटरवर येणारा माणूस म्हणतो, ‘तारीख वाढवून मिळेल का?’ किंवा ‘अजून आठ दिवस ठेवलं तर चालेल?’ नूतनीकरण हा शब्द पाहून त्याला ‘अरे, हे माझंच काम’ असं वाटणार नाही. पहिल्या स्क्रीनवर त्याच्या तोंडचा शब्द हवा. मी अशा प्रत्येक कामात डाव्या बाजूला कार्यालयाचा शब्द आणि उजव्या बाजूला लोकांचा शब्द अशी दोन रकान्यांची यादी करते, आणि मजकूर लिहिताना डावा रकाना झाकून ठेवते.

मग प्रश्नांचे गट पाडा. कोणते गट पहिल्या स्क्रीनवर घ्यायचे हे ठरवताना एका मोहापासून जपायला हवं: सर्वांत जास्त विचारलं जाणारं ते सर्वांत वर, असा सरळ हिशेब करू नका. तो प्रश्न सेवा शेवटपर्यंत नीट सोडवते का, हे आधी बघा. ग्रंथालयात दंडाबद्दल पुष्कळ विचारणा होते, पण आपल्या उदाहरणातली सेवा दंडाची रक्कम सांगू शकत नाही आणि भरूनही घेऊ शकत नाही. तो विषय ‘विचारा’ म्हणून पुढे केला तर आपणच माणसाला बंद दारापाशी नेऊन सोडतो. जे वारंवार विचारलं जातं आणि जे सेवा पूर्ण करते, असे तीन गट निवडा. आपल्याकडे ते आहेत: पुस्तक आहे का, मुदत, सभासदत्व. दंड कुठे जातो ते पुढे येईलच.

समोर कोण आहे ते पहिल्या ओळीत सांगा

माणसाशी बोलतोय असं वाटलं की लोक सविस्तर लिहितात: गेल्या महिन्यात पुस्तक घेतलं, मग गावाला गेलो, मग आजारी पडलो. यंत्राशी बोलतोय असं वाटलं की एकेक शब्द फेकतात: ‘पुस्तक’, ‘मुदत’. दोन्हींत प्रश्न हाती लागत नाही. समोर कोण आहे ते सांगितलं आणि लगोलग नमुना दाखवला, की लोक मधला मार्ग आपोआप धरतात.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. जोसेफ वायझेनबाम यांनी एमआयटीत ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्राम लिहिला आणि १९६६ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. त्याची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारकाची. ती निवडण्याचं कारण वायझेनबाम यांनीच त्या लेखात दिलं आहे: त्या संभाषणात एका बाजूला जगाबद्दल जवळजवळ काहीच माहीत नाही असं वागता येतं आणि तरी ते विचित्र वाटत नाही. ‘बोला, काय म्हणताय?’ हे आवाहन तिथे खपून जातं, कारण उत्तरादाखल काही करून द्यायचंच नसतं. ग्रंथालयाच्या सेवेला पुस्तक शोधून द्यायचं आहे. तिला तसं मोकळं आवाहन परवडत नाही.

मजकूर

आता तीच स्क्रीन पुन्हा लिहू.

> नमस्कार. ही ग्रंथालयाची चॅट सेवा आहे. उत्तरं आपोआप येतात.
>
> पुस्तक ग्रंथालयात आहे का, घेतलेल्या पुस्तकाची मुदत आणि सभासदत्व यांबद्दल इथे विचारा.
>
> दंड भरायचा असेल किंवा पुस्तक हरवलं असेल तर ‘माणूस’ असं लिहा. कर्मचारी १० ते ५ या वेळात उत्तर देतात.
>
> असं विचारता येईल:
> • खगोलशास्त्रावरची सोपी पुस्तकं आहेत का?
> • माझ्याकडचं पुस्तक कधी परत करायचं आहे?
> • सभासद व्हायला कोणती कागदपत्रं लागतात?

पहिली ओळ समोर कोण आहे ते सांगते, दुसरी हद्द आखते. तिसरी ओळ लिहायला लोक कचरतात, कारण ‘आम्ही हे करत नाही’ असं दारातच कशाला सांगायचं, असं वाटतं. पण ती ओळ नकार देत नाही, रस्ता दाखवते. ‘दंडाबाबत माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं असतं तर तो नकार झाला असता. नियम असा ठेवा की जे इथे होत नाही त्याच्या शेजारीच ते कुठे होतं ते लिहायचं. तसं लिहिता येत नसेल तर ती गोष्ट पहिल्या स्क्रीनवर काढायचीच नाही. आणि अशा गोष्टी दोनच घ्यायच्या. सहा झाल्या की स्क्रीन सूचनाफलकासारखी दिसते आणि कोणी वाचत नाही.

एक अपवाद मात्र पक्का. तुमची सेवा आरोग्य, आग, अपघात असल्या विषयाच्या जवळपास जरी असेल, तर ‘तातडीची गरज असेल तर इथे थांबू नका, या नंबरवर फोन करा’ हे सर्वांत वर, नमस्काराच्याही आधी.

‘आपण’ काढून सगळीकडे ‘तुम्ही’च्या रूपात का लिहिलं, असं कोणी विचारेल. मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्हीही आणि आपण सगळेही. ‘आपली मुदत संपली आहे’ हे वाचून कोणाची मुदत, सेवेची की माझी, असा क्षणभर का होईना प्रश्न पडतो. ‘तुमच्या पुस्तकाची मुदत’ यात संदिग्धता नाही, आणि आदरही कमी होत नाही.

नमुना प्रश्न: सगळी मदार इथे आहे

वरच्या तीन ओळी कोणी वाचेल, कोणी वाचणार नाही. नमुना प्रश्नांवर मात्र नजर जातेच, कारण ते बोलण्यासारखे दिसतात. म्हणून सर्वांत जास्त वेळ त्यांच्यावर घालवा.

नमुना म्हणजे विषयाचं नाव नव्हे. ‘पुस्तके’, ‘मुदत’, ‘सभासदत्व’ ही मथळ्यांची यादी झाली. ती वाचून काय विचारायचं ते कळेल, कसं विचारायचं ते कळणार नाही. ‘खगोलशास्त्रावरची सोपी पुस्तकं आहेत का?’ या एका वाक्यातून मात्र बरंच काही न सांगता कळतं: पूर्ण वाक्यात विचारता येतं, पुस्तकाचं नाव ठाऊक नसलं तरी विषय सांगून चालतं, आणि ‘सोपी’ अशी अटही घालता येते. त्याऐवजी ‘पुस्तकांची उपलब्धता कशी तपासावी?’ असं लिहिलं असतं तर? ते नियमावलीतलं वाक्य आहे, कोणाच्या मनातला प्रश्न नाही.

तिन्ही नमुने एकाच साच्याचे असू नयेत. तिन्ही पुस्तक शोधण्याचे असते तर ही फक्त पुस्तक शोधायची सेवा आहे असा समज झाला असता, वर मुदतीचा उल्लेख असूनसुद्धा. म्हणून आपल्या यादीत एक प्रश्न शोधण्याचा, एक स्वतःच्या खात्याचा आणि एक नियमाचा आहे. पाच-सहा नमुने द्यायचा मोह होतो. तीन-चारच्या पुढे गेलं की फोनच्या स्क्रीनवर पहिला नमुना वर सरकून जातो.

प्रत्येक नमुना स्वतः विचारून बघा. हे सांगावं लागू नये, पण लागतं. एका ठिकाणी मी पाहिलं, तिथल्या सेवेच्या स्क्रीनवरचा दुसराच नमुना प्रश्न विचारला की ‘क्षमस्व, मला समजले नाही’ असं उत्तर येत होतं. उत्तरांची यादी बदलली होती, स्क्रीन बदलायची राहून गेली होती. ज्या दिवशी उत्तरं बदलतात त्याच दिवशी नमुने तपासायचे, असं कामाच्या यादीत लिहूनच ठेवा.

नमुन्यावर बोट ठेवलं की काय व्हावं, हाही निर्णय घ्यावा लागतो. ‘कोणती कागदपत्रं लागतात?’ असा प्रश्न सर्वांसाठी सारखाच असतो, तो लगेच धाडला तर चालतं. खगोलशास्त्राचा प्रश्न तसा नाही. माणसाला तिथे स्वतःचा विषय घालायचा असतो. असा नमुना टाइप करायच्या चौकटीत आणून ठेवावा, म्हणजे शब्द बदलून पाठवता येतो. सगळेच नमुने थेट जात असतील तर खगोलशास्त्रात काडीचा रस नसलेले लोकसुद्धा तोच प्रश्न विचारताना दिसतील.

आणि लिपीचं काय? फोनवर मराठी लिहिणारे कितीतरी जण `mudat vadhvaychi ahe` असं रोमन अक्षरांत लिहितात. तुमच्या सेवेला ते कळत असेल तर एक नमुना तसा द्या. ‘आम्ही रोमन लिपी स्वीकारतो’ हे वाक्य लिहिण्यापेक्षा ते बरं. कळत नसेल तर मात्र ती सोय आधी करून घ्या, कारण स्क्रीनवरच्या सूचनेने ही सवय मोडत नाही.

बटणांवरची मराठी

स्वतःच्या वेबसाइटवर जागा तुमची असते. दुसऱ्याच्या मंचावर नसते. व्हॉट्सअॅपवर व्यवसायांसाठी असलेल्या सोयीत एका संदेशाखाली उत्तराची ३ बटणं देता येतात आणि प्रत्येक बटणावर २० वर्ण मावतात. टेलिग्रामवर बॉट सुरू करण्याआधी दिसणारा परिचय ५१२ वर्णांत बसवावा लागतो. इंग्रजीत ही मोजणी डोळ्यांनी करता येते. मराठीत फसगत होते, कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात.

‘पुस्तकाची मुदत वाढवा’ हे बघा. वाचताना अक्षरं दहाच: पु, स्त, का, ची, मु, द, त, वा, ढ, वा. मोजणी मात्र अशी होते: ‘पुस्तकाची’चे ९ (प, उकार, स, हलन्त, त, क, काना, च, वेलांटी), मग मोकळी जागा १, ‘मुदत’चे ४, पुन्हा मोकळी जागा १, ‘वाढवा’चे ५. एकूण बरोबर २०. बसलं, पण काठोकाठ. शेवटी एक उद्गारचिन्ह घातलं की ते नामंजूर होईल. त्यामुळे बटणाचा मजकूर कागदावर ठरवून मोकळे होऊ नका, आधी वर्ण मोजून घ्या.

दुसरी खोच अधिक महत्त्वाची. बटण दाबलं की त्यावरचे शब्द संभाषणात त्या माणसाच्या नावाने उमटतात, जणू त्यानेच ते लिहिले. ‘मुदत वाढवून घ्या’ हे बटण म्हणून ठीक वाटतं, पण दाबल्यावर माणूसच सेवेला सांगतोय, ‘मुदत वाढवून घ्या’, असं उलटं दिसतं. ‘मुदत वाढवायची आहे’ आणि ‘सभासद व्हायचं आहे’ ही दोन्ही १७ वर्णांची आहेत, बटणावरही शोभतात आणि माणसाच्या तोंडीही. बटण लिहून झालं की ते त्या माणसाच्या बाजूने मोठ्याने म्हणून बघा. चूक लगेच कानाला लागते.

टाइप करायच्या चौकटीत जो फिकट मजकूर असतो, त्यात कामाचं काही ठेवू नका. पहिलं अक्षर टाइप करताच तो नाहीसा होतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. ‘तुमचा प्रश्न इथे लिहा’ एवढं तिथे पुरे. शिवाय फोनवर कीबोर्ड वर आला की अर्धी स्क्रीन झाकली जाते आणि चौकटीच्या लगतचं तेवढं दिसत राहतं. नमुने मजकुराच्या शेवटी, चौकटीला चिकटून ठेवले ते त्यासाठीच.

पाच माणसं आणि एक आठवडा

ज्यांनी ही सेवा कधी वापरली नाही अशा पाच जणांना एकेकटं बसवा. फोनवर ती स्क्रीन दाखवा, वाचू द्या, मग फोन उलटा ठेवा आणि दोन प्रश्न विचारा: इथे काय काय विचारता येईल? आणि काय विचारून उपयोग नाही? काहीही समजावून सांगू नका, सुचवू नका. तीन विषयांपैकी दोन जरी पाचांपैकी चौघांनी आपल्या शब्दांत सांगितले तरी मजकूर चालण्यासारखा आहे. ‘ग्रंथालयाबद्दल काहीतरी’ असं उत्तर आलं तर दुसरी ओळ पुन्हा लिहा. कोणी खगोलशास्त्राच्या पुस्तकांबद्दलच बोलत राहिलं तर नमुना जास्त ठळक झाला आहे, त्याची जागा बदला.

नंतर मजकूर चालू करा आणि एक आठवडा फक्त पहिले संदेश वाचा. त्यांचे चार ढीग करा: उत्तर देता येईल असा प्रश्न; नुसतं ‘हाय’, ‘माहिती हवी’ किंवा प्रश्नचिन्ह; हद्दीबाहेरचा प्रश्न; आणि न बदलता पाठवलेला नमुना. दुसरा ढीग मोठा असेल तर लोकांना काय विचारायचं ते अजून उमगलेलं नाही. तिसरा मोठा असेल तर हद्द नीट दिसत नाही, किंवा लोकांना खरोखर हवी असलेली एक सोय तुमच्याकडे नाही, आणि मग ते काम मजकुराने होणारं नाही. चौथा मोठा असेल तर नमुने थेट पाठवले जात आहेत का ते बघा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

‘हाय’ लिहिणारे कायमच असतील, ती शिष्टाचाराची सवय आहे. त्यांना तोच सगळा मजकूर पुन्हा पाठवू नका. ‘नमस्कार. पुस्तक शोधायचं आहे, मुदत वाढवायची आहे की सभासद व्हायचं आहे?’ एवढं विचारलं की एका शब्दात उत्तर देता येतं आणि गाडी पुढे सरकते.

राहता राहिला दुसऱ्यांदा येणारा माणूस. त्याला रोज हीच प्रस्तावना वाचायला लावणं बरं नाही. त्याच्यासाठी ‘नमस्कार. विचारा.’ एवढं आणि खाली या तीन कामांची तीन बटणं ठेवा. पूर्ण मजकूर केव्हाही परत मिळावा म्हणून ‘मदत’ हा शब्द राखून ठेवा, टेलिग्रामवर `/help` ही आज्ञाही ठेवा, आणि तो शब्द पहिल्या स्क्रीनच्या मजकुरात कुठेतरी एकदा दिसू द्या.